सतरा टक्के म्हणजे पदरात किती?

कृषी पदवीधर झालेलं आमच्या शेजारच्या गावचं पोरगं परवा अर्ज दाखवायला घेऊन आलं. तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत क्षेत्र अधिकाऱ्याची जागा निघाली होती. दोन खरीप हंगाम त्यानं सोयाबीनच्या चाचण्यांवर काढलेले. अर्जात त्याबद्दल एवढंच होतं : "रुंद वरंबा सरी पद्धतीची प्रक्षेत्र चाचणी १२ शेतकऱ्यांकडे घेतली. उत्पादनात १७ टक्के वाढ आढळून आली."

वाक्यात खोटं काही नव्हतं. पण हे वाक्य विद्यापीठाच्या अहवालातलं. कंपनीचे संचालक स्वतः शेतकरी आहेत. ते विचारणार, "बाळा, त्या बारा जणांच्या पदरात काय पडलं?" मी तेच विचारलं, तर पोरगं गप्प. मग म्हणालो, "अर्ज राहू दे, तुझी वही आण."

वहीत बरंच काही होतं. २०२४ च्या खरिपात प्रत्येकाच्या शेतात एक एकर घेतलं होतं. अर्ध्यात नेहमीची सपाट पेरणी, अर्ध्यात बीबीएफ यंत्रानं वरंबे. आपल्याकडचे लोक त्याला 'बीबीएफ'च म्हणतात. बारापैकी दोन ठिकाणचे आकडे गेले. एका रानात डुकरं शिरली, तर दुसऱ्याकडं मळणीच्या वेळी दोन्ही बाजूंचे ढीग एकाच ताडपत्रीवर मिसळले. उरले दहा. सपाट पेरणीचा सरासरी उतारा एकरी ७.५ क्विंटल, वरंब्यावरचा ८.८. फरक १.३ क्विंटलचा, तेच सतरा टक्के. तेव्हा अर्जात १२ लिहिले तरी आकडा १० जणांचा आहे, हे आधी कबूल करायला हवं.

दुसरा प्रश्न मी विचारला, "दोन्हीकडं बियाणं एकच होतं ना?" बियाणं एकच होतं. पण बीजप्रक्रिया वरंब्याच्याच बाजूला केली होती, कारण चाचणीचं सामान तेवढंच आलं होतं. हे फार ठिकाणी होतं. मग सतरा टक्के हे एकट्या वरंब्याचं काम राहत नाही, दोन्ही मिळूनचं होतं. तसंच लिहावं. मुलाखतीत कुणीतरी हे उकरून काढण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

मग आम्ही दहा जणांचे फरक मोठ्याकडून लहानाकडे मांडले. इथं खरी गोष्ट दिसली. पहिल्या तिघांना एकरी ३.१, २.६ आणि २.२ क्विंटल जादा झाले होते. ही तिन्ही रानं ओढ्यालगतची, काळी, खोलगट, पाणी साचणारी. चौघांना १ ते १.७ च्या दरम्यान फायदा झाला. दोघांकडं फरक जवळजवळ नव्हताच. आणि एकाला ४० किलो कमी झाले होते. त्याचं रान मुरमाड, उताराचं. तिथं सरीनं पाणी काढून द्यायची गरजच नव्हती, उलट पावसाच्या उघडीपीत वरंबा आधी सुकला. दहाही जणांच्या एकरी फरकांची बेरीज १३ क्विंटल, त्यातले ७.९ त्या तीन रानांतले. सरासरी सांगितली की हे झाकलं जातं. कंपनीला मात्र नेमकं हेच हवं असतं, म्हणजे यंत्र कुणाच्या रानात पाठवायचं आणि कुणाला सरळ नको म्हणायचं.

आता पैसे. सरकारी हमीभाव त्या वर्षी ४,८९२ रुपये होता, पण त्या दरानं हिशेब करू नये, कारण या दहा जणांनी माल आडतीवर दिला आणि हातात सरासरी ४,१०० पडले. १.३ क्विंटलचे ५,३३० झाले. वरंब्यावर बियाणं एकरी ३० किलोऐवजी २२ लागलं, ते घरचंच असल्यानं ४५ रुपये किलो धरून ३६० वाचले. खर्चाच्या बाजूला यंत्राचं जादा भाडं ४००, जादा मालाची मळणी ३२५, बारदाना-वाहतूक १३०, सरीतल्या गवताची जादा खुरपणी ३००. बीजप्रक्रियेचं सामान फुकट मिळालं होतं, पण पुढच्या वर्षी ते शेतकऱ्यालाच घ्यायचं आहे, म्हणून त्याचेही १०० धरले. राहिले एकरी ४,४३५. गोल करून "सुमारे ४,४०० रुपये" लिही म्हणालो.

पोरगं खूश झालं. मला मात्र अजून एक अडचण दिसत होती. उतारा कसा मोजला होता? सगळा अर्धा एकर मळून वजन केलं, की दहा बाय पाच मीटरचा चौकोन कापून एकराला गुणलं? चौकोन कापून काढलेला आकडा बहुधा चढा येतो. बांधाकडेचं बारीक पीक, फुटलेल्या शेंगा, मळणीतली सांड त्यात धरली जात नाही. याच्याकडं नशिबानं पूर्ण अर्ध्या एकराची वजनं होती. अर्जात हे पाच शब्दांत मावतं आणि जाणकाराला पुरतं.

शेवटचं काम घरी बसून होण्यासारखं नव्हतं. "२०२५ ला यंत्र फुकट नव्हतं. तेव्हा कोणकोण स्वतःच्या पैशानं पुन्हा बीबीएफवर गेलं?" त्याला माहीत नव्हतं. बाराही जणांना फोन करून, दोघांच्या घरी जाऊन तो चौथ्या दिवशी आला. पाच जणांनी पुन्हा केलं होतं, मिळून १४ एकरांवर. सात जणांनी सोडलं. त्यातल्या दोघांनी पीकच बदललं होतं, एक तो मुरमाड रानवाला. पण चौघांचं म्हणणं एकच होतं : "वाफसा आला तवा यंत्र दुसऱ्याच्या रानात. थांबलो असतो तर पेर गेली असती." गावात यंत्र एकच. पेरणीजोगा पाऊस झाला की सगळ्यांची घाई त्याच चार दिवसांत. म्हणजे पद्धत पटली नाही असं नव्हतं, पाळी लागली नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तिच्यामुळं त्या वर्षाचे उतारे त्यानं अर्जात घेतले नाहीत, हेही ठीकच केलं. नुसती पुन्हा पेरणी केल्याची नोंद ठेवली.

मग अर्जातला परिच्छेद असा झाला :

"खरीप २०२४ मध्ये १२ शेतकऱ्यांकडे सोयाबीनची रुंद वरंबा सरी आणि बीजप्रक्रिया यांची एकत्रित चाचणी घेतली, १० ठिकाणचे पूर्ण प्लॉटचे वजन उपलब्ध. एकरी सरासरी १.३ क्विंटल जादा, सर्व खर्च वजा जाता सुमारे ४,४०० रुपये. निम्म्याहून अधिक जादा उत्पादन पाणी साचणाऱ्या तीन रानांत. एका मुरमाड रानात ४० किलो घट. २०२५ मध्ये ५ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने १४ एकरांवर पद्धत वापरली. सोडणाऱ्या सातपैकी चौघांना यंत्र वेळेवर मिळाले नाही. माझे काम : प्लॉट आखणी, वजने, खर्चाच्या नोंदी व फेरभेटी."

शेवटच्या ओळीवर त्याचं-माझं थोडं वाजलं. त्याला "शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढविले" असं लिहायचं होतं. मी म्हणालो, वाढलं ते शेतकऱ्याच्या कष्टानं अन् त्या वर्षीच्या पावसानं. तू मोजलंस, ते लिही. एखाद्या खाजगी बियाणे किंवा औषध कंपनीकडं अर्ज असता तर ५ जण आणि १४ एकर ही ओळ वर घेतली असती, कारण त्यांना पुन्हा खरेदी कोण करतो ते बघायचं असतं. इथं सभासदांची कंपनी, म्हणून पदरात पडलेले पैसे आधी.

मुलाखत झाली. संचालकांनी १.३ क्विंटलवर एक शब्द विचारला नाही. एक म्हातारे संचालक कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हे ४० किलो कमी आलेले कोण? त्याच्याकडं परत गेला होतास का?" पोरगं म्हणालं, "गेलो होतो, आबा. रानात कुदळ मारून बघितली, वीतभर मातीखाली मुरूम लागला." त्यापुढं यंत्राच्या पाळीचं वेळापत्रक कसं लावायचं, कुठली रानं आधी घ्यायची, यावरच पाऊण तास गेला.