आठवी 'ब' ते स्टोरीबोर्ड

तिचा रेझ्युमे तीन पानांचा होता. पहिल्या पानावर शिक्षण. दुसऱ्यावर नऊ वर्षांत सांभाळलेल्या जबाबदाऱ्या: आठवी 'ब'ची वर्गशिक्षिका, परीक्षा विभाग, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन. तिसऱ्यावर सतरा प्रमाणपत्रं, त्यातली बरीचशी लॉकडाउनमध्ये वेबिनारला हजर राहून मिळालेली. पुण्याजवळच्या एका शाळेत ती गणित शिकवत होती आणि तिला इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये यायचं होतं. पाच महिने अर्ज करत होती, एकही बोलावणं नव्हतं. "ताई, तू स्पष्ट सांग, मला वाईट वाटणार नाही," असं म्हणून तिने ती पानं माझ्यासमोर ठेवली.

मी अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून या कामात आले. आता नव्या उमेदवारांच्या कामाचे नमुने तपासणं माझ्याकडे असतं. त्यामुळे शिक्षकांचे असे रेझ्युमे मी पुष्कळ पाहिलेत आणि ते वाचताना दर वेळी हळहळ वाटते. माणसाकडे माल असतो, पण तो कुठल्या पोत्यात आहे हे त्यालाच ठाऊक नसतं.

तिने एक उपाय आधीच करून पाहिला होता. 'विद्यार्थी' खोडून 'लर्नर', 'पाठ' खोडून 'मॉड्यूल', पालकसभेच्या जागी 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट'. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. असा रेझ्युमे चाळणीतून एखाद्या वेळी पुढे जातो, पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "हे मॉड्यूल कुणासाठी होतं, आणि ते केल्यावर त्यांना काय करता यायला लागलं?" आठवीच्या बैजिक राशींना मॉड्यूल म्हटलेलं असलं, तर इथे बोलती बंद होते.

मी ती पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "मोठ्या माणसांना काही शिकवलंयस का कधी?" ती म्हणाली, नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "लॉकडाउनमध्ये सहकाऱ्यांना ऑनलाइन वर्ग कसा घ्यायचा ते दाखवलं होतं. पण ते काय, मदत म्हणून." रेझ्युमेत ते दुसऱ्या पानाच्या तळाशी अर्ध्या ओळीत होतं.

त्या अर्ध्या ओळीवर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. शिक्षक चौतीस. तिने आधी दीड तासाचं सत्र घेतलं, गूगल मीटमधलं प्रत्येक बटण दाखवलं. सगळ्यांनी छान छान म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचा फोन वाजायला लागला. मग तिने काय केलं? प्रश्न वहीत लिहून काढले. तेव्हा दिसलं की लोक चारच ठिकाणी अडतायत: वर्ग सुरू करणं, हजेरी घेणं, पान पडद्यावर दाखवणं आणि गृहपाठ गोळा करणं. तिने प्रत्येकासाठी एकेक पान केलं, स्क्रीनचं चित्र, त्यावर बाण, बाजूला मराठीत दोन ओळी. ही चार पानं शिक्षकांनी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

मी तिला म्हटलं, अगं, तू केलंस त्याला आमच्याकडे 'ट्रेनिंग नीड अॅनालिसिस' आणि 'जॉब एड' म्हणतात. प्रशिक्षण देऊन भागलं नाही, हे ओळखून तू कामाच्या जागी वापरायचं साधन दिलंस. हा निर्णय घ्यायला नवे डिझायनर दोन-दोन वर्षं घेतात.

आता पुरावा. तिच्याकडे आकडे नव्हते, पण शिक्षकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. तिने बसून जुने संदेश मोजले. पहिल्या आठवड्यात मदतीचे एकसष्ट प्रश्न, तिसऱ्या आठवड्यात नऊ. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेले चार स्तर या धंद्यात आजही वापरतात: लोकांना सत्र आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि संस्थेला त्याचा काय लाभ झाला. सत्रानंतरचं 'छान छान' हा पहिला स्तर. प्रश्नांची ती घट तिसऱ्या स्तराच्या जवळ जाते. तिची सतरा प्रमाणपत्रं यातल्या कुठल्याच स्तरावर काही सांगत नव्हती. तिसरं पान आम्ही काढूनच टाकलं.

ओळ अशी झाली: "चौतीस शिक्षकांना ऑनलाइन वर्ग स्वतः घेता यावा म्हणून त्यांच्या अडचणी नोंदवल्या, चार एकपानी मार्गदर्शिका केल्या, मदतीचे प्रश्न आठवड्याला ६१ वरून ९ वर आले." तिला "८५ टक्के सुधारणा" असं लिहायचं होतं. मी लिहू दिलं नाही. काही प्रश्न सरावानेही कमी झाले असणार. मुलाखतीत कुणी विचारलं, तर हे आपणहून सांगायचं, असं आमचं ठरलं. जी व्यक्ती आपल्या आकड्याची मर्यादा ओळखते, तिच्यावर समोरचा जास्त विश्वास ठेवतो.

लिंक्डइनच्या मथळ्यात तिने "पॅशनेट एज्युकेटर, बदलाच्या शोधात" असं लिहिलं होतं. मथळ्याला २२० अक्षरं मिळतात, आणि भरती करणारा पदाचं नाव टाइप करून शोधतो. 'पॅशनेट' हा शब्द कुणी शोधत नाही. पण त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी होती: कॉर्पोरेट ट्रेनर की इन्स्ट्रक्शनल डिझायनर? शिक्षक दोन्ही लिहितात आणि दोन्हीकडून सुटतात. ट्रेनर समोर उभा राहून सत्र घेतो. त्याच्याकडे सत्राचा आराखडा आणि दहा मिनिटांची चित्रफीत मागतात. डिझायनर कागदावर काम करतो. त्याच्याकडे स्टोरीबोर्ड मागतात. तिला वर्ग घेण्यापेक्षा तो आखण्यात रस होता. मथळा साधा झाला: पदाचं नाव, कामाच्या जागी वापरायच्या मार्गदर्शिका आणि प्रसंगांवर आधारित ई-लर्निंग, नऊ वर्षांचं गणित-अध्यापन. अध्यापन लपवलं नाही, फक्त शेवटी नेलं.

खरं काम नमुन्याचं होतं. शिक्षकांच्या दहापैकी आठ नमुन्यांत मला प्रकाशसंश्लेषण नाहीतर पायथागोरस भेटतो. तपासणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस शिक्षक आहे, आणि ते त्याला आधीच माहीत असतं. तिचे एक शेजारी सहकारी बँकेच्या शाखेत अधिकारी होते. नवे कारकून खातं उघडताना नामनिर्देशनाच्या फॉर्ममध्ये चुका करतात, अशी त्यांची तक्रार होती. हाच विषय घेतला. बँकेचं नाव आणि चिन्ह कुठेही वापरायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं.

तिचा पहिला मसुदा अडतीस स्लाइडचा होता. सुरुवात सहकारी चळवळीच्या इतिहासापासून. मी तिला शेजाऱ्यांकडे परत पाठवलं, तीन प्रश्न देऊन: चूक नेमकी कोणती होते, झाल्यावर काय बिघडतं, आणि अनुभवी कारकुनाकडून ती का होत नाही? दोन चुका हाती लागल्या. नॉमिनी अल्पवयीन असला, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढाचं नाव लिहायचं राहतं. आणि ग्राहकाने सही केलेली असली, तरी कारकून दोन साक्षीदार मागतो आणि ग्राहकाला परत पाठवतो. साक्षीदार लागतात ते अंगठा असेल तेव्हा.

मग उद्दिष्ट लिहायला घेतलं. तिने लिहिलं, "नामनिर्देशनाचं महत्त्व समजणे." मी विचारलं, बी.एड.ला पाठ टाचणात उद्दिष्टाखाली काय लिहायचात? ती लगेच म्हणाली, स्पष्टीकरणं. विद्यार्थी उदाहरण देतो, फरक सांगतो, चूक शोधतो. रॉबर्ट मेगर यांनी १९६२च्या पुस्तकात हेच मागितलं होतं, आणखी दोन गोष्टींसह: कृती कुठल्या परिस्थितीत आणि किती अचूक. नवं उद्दिष्ट झालं: "भरलेला फॉर्म समोर असताना, नियमपुस्तिका न उघडता, कारकून तो स्वीकारायचा की दुरुस्त करून घ्यायचा हे ठरवतो, पाचपैकी पाच फॉर्ममध्ये." अडतीस स्लाइडच्या अकरा स्क्रीन उरल्या.

स्टोरीबोर्ड म्हणजे तक्ता: स्क्रीनवरचा मजकूर, निवेदन, चित्र, आणि डेव्हलपरसाठी सूचना. चौथ्या स्क्रीनवर एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला नॉमिनी करतात. पर्याय तीन: फॉर्म स्वीकारा, लहान मुलाला नॉमिनी करता येत नाही असं सांगा, रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढाचं नाव विचारा. चुकीचे पर्याय तिने अप्रतिम काढले होते, कारण मुलं कुठे घसरतात हे पाहण्यातच तिची नऊ वर्षं गेली होती. पण पहिल्या पर्यायाखालचा प्रतिसाद होता: "चूक. पुन्हा प्रयत्न करा."

"वर्गात तू असं म्हणाली असतीस?"

"छे! वर्गात मी विचारलं असतं, मुलगी अजून लहान असताना पैसे द्यायची वेळ आली, तर काउंटरवर कुणाच्या हातात द्याल?"

"मग हेच लिही."

वर्गातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं इथेच अडतं. वर्गात चेहरे दिसतात. एखादा गोंधळला की आपण वाक्य बदलतो, दुसरं उदाहरण देतो, आणि ते इतकं आपसूक होतं की आपण काही केलं हेही लक्षात येत नाही. स्क्रीनसमोर बसलेला कारकून आपल्याला दिसणार नसतो. प्रत्येक गोंधळ आधीच ओळखून त्याचं उत्तर लिहून ठेवावं लागतं. चौथ्या स्क्रीनवर ती तीन संध्याकाळी बसली. शेवटी पहिला पर्याय निवडला की तीच शाखा, तोच काउंटर, दोन वर्षांनंतरचा दिवस दिसतो. समोर अकरा वर्षांची मुलगी आणि तिचे दोन काका. वर फक्त एक प्रश्न: रक्कम कुणाला द्याल?

स्टोरीलाइनची चाचणी आवृत्ती तीस दिवसांची असते. अनेक जण ती आधी उतरवून घेतात, बटणं शिकण्यात महिना जातो आणि हातात काही उरत नाही. तिने स्टोरीबोर्ड पूर्ण झाल्यावरच ती सुरू केली आणि तीन आठवड्यांत नमुना तयार केला. त्याच्याशेजारी अडतीस स्लाइडचा मसुदाही ठेवायला मी सांगितलं, प्रत्येक काटछाटीचं कारण एका ओळीत लिहून. तपासणारा माणूस ते पान तयार नमुन्यापेक्षा जास्त वेळ वाचतो. मी तरी वाचते.

पुढच्या दहा अर्जांना तीन बोलावणी आली. एका ठिकाणी पॉवरपॉइंटचा कच्चा मजकूर देऊन दोन दिवसांत स्टोरीबोर्ड मागितला. तिथे तिची निवड झाली. पद मात्र सर्वांत खालचं होतं. शाळेतली नऊ वर्षं इथे नऊ वर्षं म्हणून धरली जात नाहीत, आणि हा हिशेब घरी आधीच मांडून ठेवावा लागतो. पहिलं वर्ष तिला शाळेपेक्षा कमी पगारावर काढावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत नॉमिनी ठेवता येऊ लागले. त्याच आठवड्यात तिचा संदेश आला. नमुन्यावर तिने "जुन्या नियमांप्रमाणे" अशी तारखेसह पट्टी लावली होती आणि त्याच शेजाऱ्यांना पुन्हा गाठलं होतं. "ताई, नवा फॉर्म आलाय. कारकून आता वेगळ्याच रकान्यात चुकणार. शनिवारी शाखेत जाऊन बसतेय."