तीन महिन्यांची शुगर

माझ्या काकांनी तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळलं. चहातली साखर बंद, रात्री एकच भाकरी, संध्याकाळी मैदानाला पाच फेऱ्या. उपाशीपोटीची शुगर ११२ आली तेव्हा ते खूश होते. त्याच कागदावर खाली एचबीएवनसी ८.४ टक्के छापलेलं होतं. "लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या असणार," काका म्हणाले.

नळ्या बदललेल्या नव्हत्या. ११२ आणि ८.४ हे दोन वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देत होते.

तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. रक्तातली साखर पेशीत शिरते आणि त्याला हळूहळू चिकटत राहते. त्यासाठी कुठलं विकर लागत नाही. साखर जास्त असेल तितकी जास्त चिकटते, आणि एकदा पक्की बसली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. अशी साखर लागलेल्या हिमोग्लोबिनला ग्लायकेटेड हिमोग्लोबिन म्हणतात. काकांच्या एकूण हिमोग्लोबिनपैकी ८.४ टक्के असं होतं. म्हणजे रिपोर्टवरची टक्केवारी साखरेची नसून हिमोग्लोबिनची असते. मधुमेह नसलेल्या माणसातही ती साधारण ५ च्या आसपास असते. ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर मधुमेहाचं निदान गृहीत धरतात. लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात.

टक्क्यांवरून सरासरी साखर काढायचं सूत्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आलं. टक्क्यांना २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. काकांचं गणित असं: ८.४ गुणिले २८.७ म्हणजे २४१, त्यातून ४६.७ गेले, उरले सुमारे १९४. सहा टक्क्यांना १२६ येतात, सातला १५४, आठला १८३; दर टक्क्यामागे जवळपास २९ ची वाढ.

मग सकाळी ११२ असताना सरासरी १९४ कशी? या सरासरीत जेवणानंतरचे तास आणि रात्रही येते. काकांना घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी तपासायला सांगितलं, तर दुपारी २३६, रात्री २५१. सकाळचा आकडा तेवढा चार दिवसांच्या पथ्याने सुधारला होता.

चार दिवसांचं पथ्य ८.४ ला हलवू शकत नाही, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. कुठल्याही दिवशी रक्तात कालची पेशी असते तशीच तीन महिन्यांपूर्वीचीही असते. म्हणूनच लोक याला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. नाव चपखल आहे, पण तिन्ही महिन्यांना सारखं वजन नसतं. म्हाताऱ्या पेशी गळून जातात आणि अलीकडचा काळ सगळ्याच पेशींनी पाहिलेला असतो, त्यामुळे आकड्याचा जवळपास अर्धा भाग शेवटच्या महिन्याचा असतो. काकांची सरासरी आजपासून १९४ वरून १५४ वर आली आणि तिथेच राहिली, तरी महिन्याभराने एचबीएवनसी ७.७ च्या आसपासच दिसेल; ७ दिसायला तीन-चार महिने लागतील. दर पंधरा दिवसांनी ही तपासणी करून घेणारे लोक मला भेटतात. पैसे वाया जातात, दुसरं काही नाही.

हे सगळं पेशी नेहमीइतकी जगते या हिशोबावर चालतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच चांगला दिसू शकतो. रक्त चढवल्यावरही फसगत होते. उलट लोहाची कमतरता असेल तर आकडा साखरेच्या मानाने वर सरकू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशी आल्याने उतरतो. ग्लुकोमीटर एक सांगतो आणि एचबीएवनसी भलतंच, असं झालं तर आधी अशक्तपणाची चौकशी करावी.

काकांनी औषध वाढवलं, जेवणाच्या वेळा बांधल्या. चार महिन्यांनी रिपोर्ट ७.१ आला, म्हणजे सरासरी १५७. काका पेढे घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पेढा बाजूला ठेवला आणि ग्लुकोमीटरची वही मागितली. वहीत तीन वेगवेगळ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, ६२, ५८ आणि ६६ लिहिलेले होते. शेजारी काकांच्याच अक्षरात: 'घाम, हातपाय थरथर'. रात्रीचे आकडे अजून दोनशेच्या वर होते. सरासरीत खालचे आणि वरचे एकमेकांत मिसळून १५७ झाले होते. त्या दिवशी काकांची सकाळची गोळी कमी झाली.