दांडा जाड, ग्लँड सावध

रद्दी पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधणारा प्रेस घ्या. दाब हवा १० टनांचा, पंप देतो १६० बार. एक बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.१ न्यूटन, म्हणजे इथे तेल १६ न्यूटन जोर लावतं. १० टन म्हणजे सुमारे ९८,००० न्यूटन. घर्षणापोटी दहा टक्के वाढवून १६ ने भागलं की क्षेत्रफळ येतं जवळपास ६,८०० चौ.मिमी आणि व्यास ९३ मिमी. ९३ ची होन केलेली नळी सहज मिळत नाही, म्हणून बोअर १०० मिमीचा धरायचा.

इथवर शाळेतलं गणित. खरी फसगत दांड्यापाशी होते. ४५ मिमीच्या दांड्यावर दर चौ.मिमीला ६२ न्यूटनच ताण येतो. पोलादाला तो काहीच नाही. पण स्ट्रोक एक मीटरचा, दांडा पूर्ण बाहेर आल्यावर दोन्ही टोकांच्या पिनांमध्ये २.४ मीटर अंतर पडतं, आणि गठ्ठा सर्वात जास्त विरोध करतो तोही नेमका तेव्हाच. लांब काठीवर रेललं की ती मोडण्याआधी वाकते, तसंच हे. ऑयलरच्या सूत्राने हा दांडा ७ टनांच्या आसपासच वाकतो. ५६ मिमीचा १७ टनांपर्यंत टिकतो, पण साडेतीन पट सुरक्षितता हवी तर ७० मिमीच घ्यावा लागतो.

जाड दांड्याची किंमत मात्र ग्लँड मोजतो. दांड्याकडच्या बाजूला तेलाला उरते ती फक्त निम्मी जागा. तिथून तेल परत जायची वाट चुकून बंद राहिली, तर १६० बारचे तिथे ३१४ होतात. म्हणून त्या बाजूची सील आणि ग्लँडचे आटे पंपाचा आकडा बघून ठरवू नयेत.

कॅडमध्ये ग्लँडचा अर्धा छेद काढून तो अक्षाभोवती फिरवायचा. बाहेरून आत येताना आधी धूळ पुसणारा वायपर, मग ओठ तेलाकडे वळवलेली यू-सील, मग दांड्याला धातूपासून दूर ठेवणारी गाइड रिंग. खाचांची मापं सीलच्या कॅटलॉगमधून जशीच्या तशी घ्यावीत, अंदाजाने नाही. बाहेरच्या अंगाला ओ-रिंग येते. मागचं झाकण वेल्ड केलेलं असेल तर पिस्टन ग्लँडच्याच बाजूने आत जाणार, हे विसरू नका.

कारण नवशिक्याच्या मॉडेलमधली नेहमीची चूक तिथेच असते. नळीत ग्लँडचे आटे बोअरच्याच व्यासाला पाडलेले, आणि तोंडाला उताराचा चॅम्फर नाही. पडद्यावर सगळं चपखल बसतं. जोडणी करताना पिस्टनची सील त्या आट्यांवरून घासत आत जाते आणि कापली जाते. बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही; फक्त प्रेस दाबून थांबवला की दांडा सावकाश मागे सरकू लागतो. आट्यांचा आतला व्यास बोअरपेक्षा मोठा ठेवला, पुढे साधारण १५ अंशांचा उतार दिला, की सील अलगद आत जाते.