‘पहिल्या धुण्यात रंग जातोच हो!’

रंग सुटलेला नवा कपडा घेऊन दुकानात गेलं की गल्ल्यावरून हे वाक्य ऐकू येतंच. पंचाईत अशी की ते अर्धं खरं आहे. तक्रारीची बहुतेक पत्रं या अर्ध्या खऱ्यापाशीच अडकतात, कारण त्यांत संताप भरपूर असतो, पण रंग किती आणि कुठे सुटला हे नसतं.

सुती कापडाचा गडद रंग बऱ्याचदा रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा असतो. तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. पण हौदातला सगळा रंग जोडला जात नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि धाग्याला नुसता चिकटून राहतो. तो काढण्यासाठी कारखान्यात कापड साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग पुन्हा पुन्हा खळबळतात. पाणी, इंधन आणि वेळ खाणारं हे काम आहे, त्यामुळे काटकसर इथेच होते. मग राहिलेला रंग आपल्या बादलीत उतरतो.

म्हणून बादलीतलं पाणी लालसर झालं, एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. दोन-तीनदा साध्या पाण्यात खळबळल्यावर पाणी नितळ यायला लागलं, तर तो वरवरचा रंग होता. तरीही पाणी रंगतच असेल, ओल्या शिवणीवर पांढरा रुमाल घासल्यावर त्याला रंग लागत असेल, तर रंग कच्चा आहे. सगळ्यात बोलका पुरावा मात्र कपड्यावरच सापडतो.

समजा, मरून सुती कुर्ता आहे, गळ्याला पांढरी पायपिंग आणि छातीवर पांढरं भरतकाम. धुतल्यावर दोन्ही गुलाबी झाले. आतल्या लेबलवर ‘वेगळा धुवा’ असं लिहिलेलं आहे, आणि दुकानदार त्याकडे बोट दाखवणार. पण कुर्ता स्वतःच्याच पायपिंगपासून वेगळा कसा धुणार? पत्राचा कणा हाच मुद्दा असावा. असं काहीसं लिहावं:

‘महोदय, आपल्या दुकानातून ५ तारखेला १,८५० रुपयांना मरून कुर्ता घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. १२ तारखेला तो लेबलवरील सूचनेप्रमाणे थंड पाण्यात, वेगळा, हाताने धुतला; भिजत ठेवला नाही. तरीही कुर्त्याच्या गळ्याची पांढरी पायपिंग व भरतकाम गुलाबी झाले. तिसऱ्यांदा खळबळल्यावरही पाणी रंगीत होते. फोटो जोडले आहेत. कुर्ता आपल्याला केव्हाही दाखवू शकतो. हा धुण्याचा नव्हे, रंगाचा दोष आहे. कृपया १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी.’

एवढं पुरे. ‘मानसिक त्रासाचे’ पन्नास हजार इथे घालू नयेत. मूळ मागणीच हलकी होते. त्याच बादलीतला मुलाचा शाळेचा शर्टही रंगला असेल, तर मात्र प्रामाणिकपणे विचार करावा. लेबल न वाचता दोन्ही एकत्र घातले असतील, तर शर्टाची भरपाई मागण्यात दम नाही. लेबलवर तशी सूचनाच नसेल, तर जरूर मागावी.

पत्र लिहिण्याआधी घरचे उपाय टाळलेले बरे. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. रंगाईच्या हौदात मीठ वापरतात हे खरं, पण ते रंगाला धाग्याकडे ढकलण्यासाठी. सुटायला लागलेला रंग ते बांधून ठेवत नाही. वर दुकानदाराला ‘तुम्हीच काहीतरी घातलंत’ म्हणायला जागा मिळते. कुर्ता पुन्हा धुऊही नये. वाद ग्राहक आयोगात गेला आणि तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथे नमुना पांढऱ्या कापडाच्या पट्टीसोबत धुतात आणि पट्टीवर रंग किती उतरला, याला १ ते ५ अशी श्रेणी देतात. ५ म्हणजे डागच नाही. आणखी चार धुण्यांनी सुटा रंग निघून गेलेला कुर्ता तिथे बरा ठरण्याचीच शक्यता जास्त.

आता बिलाखालचं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आवडला नाही म्हणून परत करायला निघालात, तर ते वाक्य आड येईल. सदोष मालाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे महिनाभर कपाटात ठेवून मग धुतलेल्या कपड्याची बाजू आपोआप लंगडी पडते.

पत्र हातात दिलं, तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्यावा. कुर्ता ‘कंपनीला दाखवतो’ म्हणून ठेवून घेतला, तर त्याचीही लेखी पोच मागावी. नाहीतर पुरावाच समोरच्याच्या ताब्यात जातो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, पण खेटे आहेतच. १,८५० रुपयांसाठी ते घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.