पुलाचे एक टोक मोकळे का सोडतात?

लोखंडी रेल्वे पुलाखालून वर पाहिले, तर गर्डरची दोन्ही टोके खांबांवर सारखीच टेकलेली वाटतात. पण अनेक पुलांवर जवळून पाहिले की फरक कळतो. एका टोकाखाली जाड पिन असते आणि तिची बैठक खांबाला बोल्टांनी जखडलेली असते. दुसरे टोक पोलादी रोलरांवर टेकलेले असते.

याचे कारण ऊन. 30 मीटरचा पोलादी गर्डर तापमान 40 अंशांनी वाढले की सुमारे 14 मिलिमीटर लांबतो. रोलर घरंगळतो आणि गर्डरला तेवढी वाट देतो. दोन्ही टोके घट्ट धरली, तर हीच वाढ गर्डरला आतून दाबते आणि खांबांना बाहेर ढकलते.

आधार जी हालचाल अडवतो, त्याच दिशेने त्याला बल लावावे लागते. रोलर गर्डरला खाली जाऊ देत नाही, म्हणून वर रेटतो. आडवे ढकलले तर तो घरंगळतो. जे अडवलेच नाही, त्याला विरोध कसला? म्हणून त्याची प्रतिक्रिया एकच, टेकलेल्या पृष्ठभागाला काटकोनात. तिची दिशा आधीच ठाऊक असते, फक्त किती ते काढायचे. पिन गर्डरला खालीही जाऊ देत नाही आणि आडवेही सरकू देत नाही. फक्त स्वतःभोवती फिरू देते. खरे तर तीही एकच बल लावते, पण ते कोणत्या दिशेने हे भारावर ठरते. ती दिशा आधी माहीत नसल्याने आपण त्याचे उभे आणि आडवे असे दोन भाग करतो.

आता हिशोब करू. गर्डरचे स्वतःचे वजन बाजूला ठेवू. पिनपासून 10 मीटरवर 60 टन भार आहे आणि ब्रेकमुळे आधारांच्याच पातळीवर 10 टनांचा आडवा रेटा आहे. पिनभोवती तोल साधला, तर रोलरचे बल 60 गुणिले 10 भागिले 30, म्हणजे 20 टन. उरलेले 40 टन पिन उचलते. आडवे 10 टनही पूर्ण तिच्याच वाट्याला येतात, कारण रोलर ते घेऊच शकत नाही. पिनवरचे एकूण बल सुमारे 41 टन, किंचित तिरके.

तीन अज्ञात बले आणि समतोलाची तीन समीकरणे, म्हणून हिशोब सुटला. दोन्हीकडे पिन असती तर अज्ञात चार झाली असती आणि नुसत्या समतोलाने उत्तर निघाले नसते.

प्रत्यक्षात रोलरलाही थोडे घर्षण असते. गंज आणि धूळ साचून तो अडकला, तर कागदावरचा रोलर पुलावर पिन होऊन बसतो. मग बैठकीखालच्या काँक्रीटला तडे जातात, बोल्ट वाकतात. ओळखायचे कसे? रोलरवर आणि त्याच्या बैठकीवर समोरासमोर खूण करावी. थंडीतल्या पहाटे आणि उन्हाळ्यातल्या दुपारी त्या खुणा जागच्या जागी दिसल्या, तर रोलर अडकला आहे.