चंद्रपूरहून डीपीपर्यंत

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातला 500 मेगावॅटचा संच पूर्ण भारावर चालतो तेव्हा त्याच्या जनित्रातून वीज सुमारे 21 हजार व्होल्ट दाबानं बाहेर पडते आणि प्रवाह 16 हजार अँपिअरच्या आसपास भरतो. एवढा प्रवाह शेकडो किलोमीटर न्यायचा तर तारा तापून वीज वाटेतच संपेल. म्हणून संचाजवळचा ट्रान्सफॉर्मर दाब चढवून 4 लाख व्होल्टवर नेतो. वीज तेवढीच, पण दाब 19 पट झाल्यानं प्रवाह साडेआठशे अँपिअरवर येतो. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे त्याच तारेतला तोटा साडेतीनशे पटींहूनही जास्त घटतो. माळरानावरचे ते उंच मनोरे उभे आहेत ते यासाठीच.

पुढे एकेका उपकेंद्रात दाब टप्प्याटप्प्यानं उतरत जातो. गावाजवळ येतो तो 33 हजारांवर, आणि तिथून 11 हजार व्होल्टच्या तीन तारा आपल्या चौकातल्या डीपीपर्यंत पोचतात.

ही डीपी जरा थांबून बघावी. 100 केव्हीएच्या डीपीत पूर्ण भारालाही वरून येणाऱ्या प्रत्येक तारेत जेमतेम सव्वापाच अँपिअर असतात, तर खालून निघणाऱ्या प्रत्येक फेजमध्ये 133. म्हणून वरचा फ्यूज बारीक तारेचा आणि खालच्या केबली मनगटासारख्या जाड. खाली तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. घरात येतो त्यातला एक फेज आणि न्यूट्रल, 230 व्होल्टचा.

बिघाड कुठे झालाय हे घरबसल्या बरंचसं ओळखता येतं. खालचा एक फ्यूज उडाला तर त्या फेजवरची घरं पूर्ण अंधारात जातात, बाकीच्यांना काही कळतही नाही. 11 हजारांच्या बाजूचा एक फ्यूज गेला, तर एका फेजवर दाब नीट राहतो आणि उरलेल्या दोन फेजवर साधारण निम्मा होतो. पंखा रेंगाळतो, फ्रिज नुसताच घुमतो. अशा वेळी फ्रिज आणि पंप लगेच बंद करावेत. मोटर फिरत नाही, पण प्रवाह ओढत राहते आणि जळते.

सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात आणि ज्याच्याकडे भार कमी त्याच्या वाट्याला जास्त दाब येतो, कधी 300 व्होल्टच्याही वर. एका घरातले दिवे मंदावलेत आणि शेजारच्या घरातले डोळे दिपवताहेत, असं दिसलं की क्षणही न दवडता मेन स्विच पाडावा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगावं आणि मगच वायरमनला फोन करावा. डीपीला मात्र स्वतः हात लावू नये; खालचा पुरवठा गेलेला असला तरी वरच्या तारांत 11 हजार व्होल्ट असू शकतात.