‘आपल्या असुविधेबद्दल क्षमस्व’च्या पुढे

तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या एटीएममध्ये एक अंगणवाडी सेविका उभी आहे असं समजू. तारीख ३ जून, वेळ संध्याकाळी ६.४०. मशीन घरघरतं, आतून नोटा मोजल्याचा आवाज येतो, आणि मग काहीच बाहेर येत नाही. मिनिटभरात मोबाइल वाजतो: खात्यातून १०,००० रुपये वजा. मशीन तिच्या बँकेचं नाही. दुसऱ्या दिवशी ती आपल्या बँकेला मोबाइलवरून मराठीत तक्रार लिहिते आणि शेवटी एक वाक्य जोडते, ‘मुलाची कॉलेजची फी १० तारखेच्या आत भरायची आहे.’

तिला येणारं उत्तर बहुतेक वाचकांना पाठ असेल. ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे. ७ कामकाजाच्या दिवसांत तिचे निराकरण करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.’

यातलं ‘असुविधा’ हिंदीतून आलंय. मराठी माणसाची होते ती गैरसोय. पण शब्दापेक्षा वाक्यांची ठेवण जास्त खटकते. ‘पाठविण्यात आली आहे’, ‘करण्यात येईल’. कुणी पाठवली, कोण करणार, याचा पत्ताच नाही. दहा हजार रुपये, एटीएम, फी यांतलं काहीही या चार वाक्यांत नाही. हेच उत्तर चेकबुक न मिळालेल्या माणसालाही जसंच्या तसं पाठवता येईल. समोरच्याने आपली तक्रार वाचलीच नाही असं त्या बाईला वाटलं, तर तो तिचा गैरसमज म्हणता येणार नाही.

ग्राहक सेवेत अशा तयार मजकुराला टेम्प्लेट म्हणतात. एका पाळीत एकामागून एक तक्रारी हाताळणाऱ्या माणसाला तो लागतोच. नियम चुकीचा सांगितला जाऊ नये, नको ते आश्वासन दिलं जाऊ नये, यासाठीही तो असतो. म्हणून टेम्प्लेट फेकून देऊन मनाला येईल ते लिहिणं हा उपाय नव्हे. त्यात काय ठेवायचं आणि काय नव्याने लिहायचं, हा खरा प्रश्न आहे.

पहिली दुरुस्ती प्रेमळ शब्दांची नाही, तारखेची आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. हे कॅलेंडरचे दिवस. रविवार, सुट्टी सगळं धरून. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न पाहता बँकेने आपणहून द्यायची. ‘७ कामकाजाचे दिवस’ हा त्याआधीचा, २०११चा नियम. तो टेम्प्लेटमध्ये राहून गेला, तर कितीही गोड भाषेत लिहिलं तरी उत्तर चुकीचंच. आपल्या बाईंसाठी हिशोब सरळ आहे: ३ जूनचा व्यवहार, ८ जूनपर्यंत पैसे, ९ जूनपासून भरपाई. तिला कुठलेही दिवस मोजायला लावू नयेत, तारीखच लिहावी.

दुसरी गोष्ट, पडद्यामागे काय चालतं ते तिला दोन वाक्यांत कळायला हवं. मशीन प्रत्येक व्यवहाराची नोंद स्वतःच्या जर्नलमध्ये ठेवतं: किती नोटा मोजल्या, बाहेर दिल्या की नाही. मशीनमधली रोकड मोजून हिशोब जुळवला की न निघालेली रक्कम जास्तीची सापडते. ही नोंद मशीनवाल्या बँकेकडे असते, पण ग्राहकाने तिकडे हेलपाटे घालायचे नसतात. कार्ड ज्या बँकेचं, तिच्याकडेच तक्रार करायची. पुढचं त्या दोन बँका आपसात बघतात.

हाताशी एवढं असलं की उत्तर असं लिहिता येतं:

‘नमस्कार. ३ जूनला संध्याकाळी ६.४० वाजता बसस्थानकाजवळच्या एटीएमवर तुमचे १०,००० रुपये खात्यातून वजा झाले, पण हातात आले नाहीत, ही तुमची तक्रार वाचली. रक्कम वजा झाल्याची नोंद आम्हाला दिसते आहे. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी तुम्हाला तिथे जायची गरज नाही. त्या बँकेकडे आम्ही आजच मशीनची नोंद मागितली आहे. पैसे मशीनमधून निघाले नसतील तर ते ८ जूनपर्यंत तुमच्या खात्यात यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर ९ जूनपासून दर दिवसाचे १०० रुपये बँक देईल, त्यासाठी अर्ज करावा लागणार नाही. पैसे निघाल्याचं नोंदीत दिसलं, तर ते तुम्हाला कळवू आणि तुम्ही त्यावर हरकत घेऊ शकाल. फीची मुदत १० तारखेची आहे हे आम्ही तक्रारीत नोंदवलंय. पैसे आले असोत वा नसोत, ८ तारखेला संध्याकाळी आम्ही तुम्हाला कळवू. मशीनची पावती असेल तर जपून ठेवा. या तक्रारीसाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही; कुणी मागितला तर देऊ नका.’

यात ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो’ हे वाक्य नाही. फीची तारीख तिला परत सांगितली, त्यातच ते आलं. ‘काळजी करू नका, पैसे नक्की मिळतील’ हेही मुद्दाम टाळलंय. ऐकायला ते सर्वांत मायेचं वाटतं, पण मशीनच्या नोंदीत पैसे बाहेर आल्याचं निघालं तर तेच वाक्य खोटं ठरतं, आणि मग त्या बाईचा पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही. ‘ताई’ म्हणायचं का? फोनवर बोलताना ते सहज तोंडात येतं. बँकेच्या लेखी उत्तरात मात्र अनोळखी माणसाची सलगी वाटू शकते. ‘तुम्ही’ पुरेसं आहे, ‘आपण’ इतकं दूरचं नको. पिन-ओटीपीची सूचना तेवढी टेम्प्लेटमधून आली, आणि ती यायलाच हवी.

या उत्तरातलं सर्वांत अवघड वाक्य म्हणजे ‘८ तारखेला संध्याकाळी कळवू’. लिहायला सोपं, पाळायला कठीण. ४ तारखेला उत्तर लिहिणाऱ्याची ८ तारखेला साप्ताहिक सुट्टी असू शकते. म्हणून तिथे ‘मी’ न लिहिता ‘आम्ही’ लिहिलंय, आणि उत्तर पाठवायच्या आधी तक्रारीच्या नोंदीवर ८ जूनचं स्मरण लावून त्या पाळीतल्या सहकाऱ्याला ती सोपवावी लागते. हे केलं नसेल तर ते वाक्य खोडून टाकलेलं बरं. तक्रारीला उत्तर गेलं की ती ‘बंद’ दाखवायची घाई अनेक ठिकाणी असते, आणि बंद झालेल्या तक्रारीकडे ८ तारखेला कुणी वळून पाहत नाही. उत्तर खरंच माणसाने दिलं होतं का, हे त्या संध्याकाळी कळतं.

समजा, ८ तारखेला पैसे आले नाहीत. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून दिलगिरी नको. ‘आज संध्याकाळी सहापर्यंत रक्कम जमा झालेली नाही. दुसऱ्या बँकेचं उत्तर अजून यायचंय, आम्ही पुन्हा विचारणा केली आहे. उद्यापासून भरपाई मोजली जाईल. कॉलेजला मुदत मागायला उपयोगी पडावं म्हणून, तक्रारीची तारीख आणि रक्कम असलेलं बँकेचं पत्र सोबत जोडलं आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर दाद मागू शकता.’ हे शेवटचं वाक्य लिहिताना बँकेतल्या माणसाचा हात अडखळतो, कारण ते आपल्याच विरुद्ध जाणारं वाटतं. पण ३० दिवस उलटल्यावर ती वाट तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ८ जूनच्या संध्याकाळी, कॉलेजसाठीच्या त्या पत्रासोबत बँकेकडूनच कळलेली बरी.